अंड्याने निवळलेली कॉफी: 'स्वीडिश' नावामागची जुनी अमेरिकन कृती

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची वार्षिक जत्रा ऑगस्टच्या अखेरीस भरते. या जत्रेत सेलम लुथरन चर्चच्या भोजनगृहात 'स्वीडिश एग कॉफी' मिळते. नाव ऐकून अंडे फेटून वर घातलेली दाट, फेसाळ कॉफी डोळ्यांपुढे येते. व्हिएतनाममध्ये तशी कॉफी खरोखरच करतात. मिनेसोटातील कपात मात्र अंड्याचा मागमूस नसतो. असते ती पिंगट, आरपार दिसणारी, जिभेवर जराही खरखर न ठेवणारी कॉफी. अंडे आपले काम करून चोथ्याबरोबर मागेच राहिलेले असते.

ही पद्धत स्वीडिश स्थलांतरितांनी अमेरिकेत आणली, असे तिथे सर्रास सांगितले जाते. गोष्ट गोड आहे, पण जुनी पाकपुस्तके उघडली की ती टिकत नाही.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकातील सामान्य अमेरिकन घरात कॉफी गाळत नसत, उकळत. हिरव्या बिया घरीच तव्यावर भाजायच्या, हातजात्यात दळायच्या आणि ती पूड किटलीतल्या पाण्यात घालून चुलीवर ठेवायची. गाळणीची भांडी युरोपात ठाऊक होती. काउंट रम्फर्ड याने १८१२ मध्ये कॉफीवर एक निबंध लिहून उकळण्याने सुगंध उडून जातो असे बजावलेही होते. पण साध्या घरात एकच किटली असे आणि ती थेट चुलीवर चढे.

हातजात्यातील दळण एकसारखे पडत नाही. जाड कण तळाशी बसतात, पण त्यांच्याबरोबर पिठासारखी बारीक धूळही पडते. ती इतकी हलकी असते की गरम पाण्याच्या हालचालीबरोबर तरंगत राहते. कापडातून गाळले तरी तिचा काही भाग निसटतो. अशी कॉफी गढूळ दिसते, घशाला खरखरते आणि किटलीत उभी असेपर्यंत त्या धुळीतून कडवटपणा उतरत राहतो. म्हणजे प्रश्न गाळण्याचा नव्हता, निवळण्याचा होता.

आता १८२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले लिडिया मारिया चाइल्ड यांचे 'द फ्रूगल हाउसवाइफ' हे पुस्तक पाहा. चाइल्ड यांचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गुलामगिरीविरोधी लेखिका म्हणून परिचयाचे असेल. त्याआधी त्यांनी हे काटकसरीच्या संसाराचे पुस्तक लिहिले, आणि ते पुढे 'द अमेरिकन फ्रूगल हाउसवाइफ' या नावाने घरोघर पोहोचले. कॉफी निवळण्यासाठी त्यांचा पहिला सल्ला अंड्याचा नाही, माशाच्या कातडीचा आहे. खारवलेल्या माशाच्या कातडीचा लहानसा तुकडा उकळत्या कॉफीत टाकावा, मात्र त्याआधी तो कापडासारखा स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावा, नाहीतर कॉफीला वास लागतो. त्यालाच जोडून त्या सांगतात की अंड्याचा पांढरा भाग, इतकेच काय नुसती टरफलेही हे काम करतात.

आपल्याकडच्या वाचकाला मासा आणि कॉफी ही जोडी विचित्र वाटेल. पण न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर खारवलेला कॉड मासा प्रत्येक घरात असे आणि त्याची कातडी एरवी टाकूनच दिली जाई. अंडी विकून चार पैसे येत, कातडीचे काहीच येत नसे. सल्ल्याचा क्रम काटकसरीच्या पुस्तकाला शोभणारा आहे.

स्वीडनमधून अमेरिकेकडे निघालेली मोठी लाट १८६७ ते १८६९ च्या दुष्काळानंतरची. चाइल्ड यांचे पुस्तक तिच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीचे आहे. दुसरीकडे खुद्द स्वीडनमध्ये कॉफी निवळण्याची रूढ वस्तू होती ती 'क्लारशिन', म्हणजे निवळण्याची कातडी. तीही वाळवलेल्या माशाचीच. तेव्हा स्थलांतरितांनी निवळण्याची कल्पना बरोबर आणली असेल, पण अंडे त्यांना नव्या देशाच्या स्वयंपाकघरात आधीपासून वापरात असलेले सापडले, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होते.

या कृतीचे सर्वांत नेमके वर्णन फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या 'बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' या पुस्तकात सापडते. कप आणि चमचे काठोकाठ सपाट मोजण्याचा आग्रह धरणाऱ्या या बाईंनी उकळलेल्या कॉफीलाही तीच शिस्त लावली. प्रमाण असे: दळलेली कॉफी एक कप, अंडे एक, थंड पाणी एक कप आणि उकळते पाणी सहा कप.

अंडे धुऊन फोडायचे आणि हलकेच फेटायचे. त्यात निम्मे थंड पाणी आणि चुरलेले टरफल घालून हे सारे कॉफीच्या पुडीत कालवायचे. या क्षणी भांड्यात ओल्या काळ्या मातीसारखा लगदा दिसतो आणि नवख्याचा धीर इथेच सुटतो. पण सगळी मेख याच पायरीत आहे. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंशांपासून गोठू लागतो. त्याला सरळ उकळत्या पाण्यात टाकले, तर तो कॉफीत मिसळण्यापूर्वीच गोठतो, त्याच्या पांढऱ्या चिंध्या होतात आणि पाणी जसेच्या तसे गढूळ राहते. थंडपणी कालवल्यामुळे मात्र तो पुडीच्या कणाकणाला आधीच चिकटून बसलेला असतो.

मग लगदा एनॅमलच्या किटलीत घालून त्यावर उकळते पाणी ओतायचे, नीट ढवळायचे आणि तीन मिनिटे उकळू द्यायचे. सुगंध निसटू नये म्हणून किटलीची तोटी मऊ कागदाने बंद करायची. या तीन मिनिटांत अंड्यातील प्रथिनांची गुंडाळलेली साखळी उष्णतेने उलगडते, एकमेकींत गुंतते आणि तिचे जाळे तयार होते. बारीक धूळ त्या जाळ्यात अडकते. तुरटपणा देणारे काही घटकही प्रथिनांना चिकटून बाजूला होतात, म्हणून चव मवाळ लागते. वाइन निवळताना अंड्याचा पांढरा भाग वापरतात तो याच गुणासाठी. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकणारा आपला हलवाईही हेच तत्त्व वापरत असतो.

तीन मिनिटांचा आकडा दोन्ही बाजूंनी जपायचा असतो. कमी उकळले तर जाळे नीट धरत नाही आणि कॉफी ढगाळ राहते. जास्त उकळले तर ती कडू होते. फार्मर त्याचे खापर टॅनिक आम्लावर फोडतात. आजचे रसायनशास्त्र त्या घटकांना वेगळी नावे देईल, पण जिभेचा निकाल तोच राहील. खळखळून उकळण्याचा आणखी एक तोटा असा की जमलेले जाळे फुटते आणि धरलेली धूळ पुन्हा पाण्यात सुटते. काम झाल्याची खूण डोळ्यांना दिसते. सुरुवातीचा एकसंध तपकिरी फेस आकसून त्याचे गोळे होतात आणि त्यांच्या फटींतून खाली स्वच्छ पिंगट पाणी दिसू लागते.

यानंतर थोडी कॉफी कपात ओतून परत किटलीत टाकायची, म्हणजे तोटीत अडकलेला चोथा निघून जातो. मग उरलेले अर्धा कप थंड पाणी घालायचे आणि किटली चुलीच्या मागच्या, मंद भागावर दहा मिनिटे ठेवायची. फार्मर यांचे स्पष्टीकरण असे की थंड पाणी जड असल्याने तळाशी जाते आणि चोथा बरोबर नेते. ते खरे आहे, पण अपुरे. त्या पाण्याने उकळी थांबते, आतली हालचाल शांत होते आणि ओल्या जाळ्याला आपल्या वजनाने खाली बसायला सवड मिळते.

फार्मर यांची एक टीप विशेष दाद देण्याजोगी आहे. टरफलात काही गुण असतो, ही समजूत तेव्हा पक्की होती. त्या शांतपणे नोंदवतात की टरफल स्वतः काहीच करत नाही, त्याला चिकटून राहिलेला पांढरा भाग करतो. म्हणूनच अंडे केकमध्ये वापरून टरफले साठवायची आणि एक कप कॉफीला तीन टरफले घालायची. अख्खे अंडे खर्चण्याची गरज नाही. चाइल्ड यांच्या पुस्तकानंतर सदुसष्ट वर्षांनीही माशाच्या कातडीचा पर्याय फार्मर यांनी वगळलेला नाही.

अंड्याचे हे काम व्यापाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. पिट्सबर्गच्या जॉन अरबकल याने १८६८ मध्ये भाजलेल्या बियांवर लेप देण्याचे पेटंट घेतले. त्या लेपात समुद्रशेवाळ, जिलेटिन आणि साखर यांच्याबरोबर अंडीही होती. लेपाने बियांचा सुगंध टिकावा आणि किटलीत गेल्यावर त्याच लेपाने कॉफी निवळावी, असा दुहेरी हेतू. १८७३ पासून त्याची 'अरिओसा' कॉफी कागदी पुड्यांतून पश्चिमेकडच्या गुराख्यांपर्यंत पोहोचली. ज्या छावणीत कोंबडीचा पत्ता नव्हता, तिथेही अंडे बियांवर बसून आले.

अंड्याला मर्यादाही आहेत. ते धूळ आणि थोडा तुरटपणा काढते. करपवून भाजलेल्या बियांची जळकी चव ते काढू शकत नाही. त्याच्याबरोबर कॉफीचे अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणाही कमी होतो. ज्याला तुर्की पद्धतीची जड कॉफी आवडते, त्याला ही कॉफी पाणचट वाटेल आणि त्यात त्याची चूक नाही.

१९०८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने कागदी गाळणीचे पेटंट घेतले. पुढे अशा गाळण्या स्वस्त झाल्या आणि घराघरातील किटलीतून अंडे निघून गेले. जिथे एका वेळी शंभर माणसांना पाजायचे असते, तिथे मात्र ते टिकून राहिले. मिनेसोटातील लुथरन चर्चच्या तळघरांत मोठमोठी एनॅमलची भांडी होती, मोठ्या शेगड्या होत्या आणि अंडी शेतावरून येत होती. त्या भांड्यांमागे उभ्या असलेल्या बायका स्वीडिश आणि नॉर्वेजियन घरांतल्या होत्या. नातवंडांनी ही कॉफी पहिल्यांदा त्यांच्या हातून प्यायली आणि तिला त्यांचेच नाव दिले. न्यू इंग्लंडच्या ज्या स्वयंपाकघरांत ती शतकभर आधी उकळत होती, तिथे तिला वेगळे नावच नव्हते. तिथे ती नुसती कॉफी होती.