वाटे मी पाडले, उचला तुम्ही

ताईनं वाटणीचं पत्र हातानं लिहिलं. आम्हा तिघा भावंडांना एकच मजकूर, एकाच शाईत, खाली सही आणि तारीख. फोनवर बोललं की ज्यानं त्यानं आपल्या सोयीचं तेवढंच ऐकलेलं असतं, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई त्यांच्या आधीच गेलेली. तेराव्यानंतर लगेच ताईनं दादाला तलाठ्याकडे पाठवून वारस नोंद लावून घेतली होती, त्यामुळे सातबारावर चौघांची नावं आली होती: ताई, दादा, मी, धाकटा. नावं एका ओळीत असली तरी जमीन अजून एकाच ढेकळात होती.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीच्या खोऱ्यातलं. तिथं जमीन किती यापेक्षा पाणी कुठवर पोचतं हे आधी विचारतात. आबांच्या मागे राहिलं ते विहिरीखालचा दोन एकरांचा मळा, तीन एकरांचा जिरायत माळ आणि गावात आठ खणांचं माळवदाचं घर, मागे परड्यासकट. मळा आणि माळ मिळून पाच एकर, म्हणजे दोनशे गुंठे. कागदावर चौघांत पन्नास-पन्नास गुंठे करून टाकणं सगळ्यात सोपं होतं, आणि सगळ्यात अन्यायाचं. मळ्यातल्या वीस गुंठ्यांवर एक घर जेवतं. माळाच्या वीस गुंठ्यांत पाऊस झाला तर बाजरी, नाही तर नुसती धूळ.

ताईनं म्हणून सगळं एकाच मापात आणलं. ‘मळ्याचा एक गुंठा म्हणजे माळाचे दोन, हा आज गावात चालतो तो भाव. तिघांना वेगवेगळं विचारलं, तिघांनीही हाच सांगितला. घर आणि परडं मिळून माळाच्या ऐंशी गुंठ्यांचं धरलं आहे. हे कुणाला कमी-जास्त वाटलं तर आताच सांगा, पुढची सगळी बेरीज यावर उभी आहे.’ मळ्याचे ऐंशी गुंठे म्हणजे एकशेसाठ, माळाचे एकशेवीस, घराचे ऐंशी. एकूण तीनशे साठ, आणि रुपयातले चार आणे म्हणजे प्रत्येकी नव्वद.

मग तिनं वाटे पाडले. दादा गावात राहतो, शेती तोच करतो. धाकटा पुण्यात असला तरी परत यायचं त्याच्या मनात आहे. त्या दोघांना घर अर्धं-अर्धं आणि मळ्यातले पंचवीस-पंचवीस गुंठे. ताईला आणि मला मळ्यातले पंधरा-पंधरा गुंठे आणि माळाचा दीड-दीड एकर. चाळीस आणि पन्नास नव्वद, तीस आणि साठ नव्वद. मी कागद घेऊन पुन्हा मांडून पाहिलं. चूक शोधायला नव्हे, तिची मांडणी हाताखालून जावी म्हणून. तुकडेबंदीचाही विचार तिनं केला होता. राज्यानं 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, त्याच्या खालचा तुकडा करता येत नाही. आमचा सगळ्यात लहान तुकडा पंधराचा. आमच्या मुलांच्या वेळी मात्र तो आणखी चिरता येणार नाही, हेही तिनं स्पष्ट लिहिलं होतं.

पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती जागा माळाची. आमचा माळ रस्त्याकडून ओढ्याकडे उतरत जातो. वर मुरमाड, मधे तांबूस, खाली ओढ्याच्या अंगाला काळी. आडवी रेघ मारली तर एकीला रस्ता मिळतो आणि मुरूम मिळतो, दुसरीला काळी मिळते पण तिथं जायला पहिलीच्या शेतातून वाट मागावी लागते. आबांची आणि काकांची वाटणी अशीच आडवी झाली होती, तीही तोंडी. दोघे होते तोवर निभलं. पुढच्या पिढीत नांगरटीगणिक बांध सरकत गेला आणि वाट बंद झाली. ताईनं माळाचे वाटे उभे पाडले, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. दोन्हींत मुरूम, दोन्हींत काळी, दोन्हींना रस्ता. उभ्या पट्ट्यांत एक धोका असतो, की जो तो उताराच्या दिशेनं नांगरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्यात जाते. म्हणून पुढचं वाक्य तिनं अधोरेखित केलं होतं: ‘जुन्या आडव्या ताली दोन्ही शेतांतून सलग राहतील. त्या कुणी फोडायच्या नाहीत आणि फुटल्या तर दोघींनी मिळून घालायच्या.’

विहीर वाटता येत नाही, पाळी वाटता येते. मळ्याचं प्रमाण पंचवीस, पंचवीस, पंधरा, पंधरा. म्हणजे पाच, पाच, तीन, तीन, आणि बेरीज सोळा. तिनं सोळा दिवसांची पाळी धरली. शेतीची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाळी चौदा दिवसांची असती तर एखाद्याच्या नशिबी कायमची रात्रच आली असती, थंडीत, सापाकिरड्यात दारं धरायची. सोळा दिवसांमुळे प्रत्येकाची पाळी दर खेपेला दोन दिवसांनी पुढे सरकते, आणि दिवस-रात्र सगळ्यांकडे फिरत राहते. हे तिनं मुद्दाम केलं की आकड्यांतून आपसूक आलं, मी विचारलं नाही. उन्हाळ्यात मात्र सोळा दिवस थांबलं तर मळ्यातलं डाळिंब वाळून जाईल. तेव्हा पाळी मिनिटांची: दिवसाला विहीर दोन तास चाळीस मिनिटं चालली तर पन्नास, पन्नास, तीस, तीस. विहिरीतला हिस्सा सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवायचा, आणि ट्रॅक्टर जाईल अशी बारा फुटांची वाट नकाशात दाखवायची.

दादाचं काय दादाचंच, हे तिनं वाटणीच्या आधी वेगळं काढलं होतं. मोटर त्याची. ठिबक आणि डाळिंबाची रोपं त्याच्या पैशाची. ज्याच्या वाट्यात बाग येईल त्यानं तो खर्च त्याला चुकता करायचा. सोसायटीचं कर्ज आबांच्या नावावर होतं, त्याचा बोजा चौघांनी सारखा फेडायचा. आणि या आंबे बहराचा माल उतरेपर्यंत मळ्यात मोजणीची साखळीसुद्धा न्यायची नाही.

आता आम्हा दोघींचं. ताईचं लग्न 1990 चं, माझं 1997 चं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. एकाच आईच्या पोटच्या, एकाच माजघरात वाढलेल्या दोन बहिणींमध्ये कायद्यानं अशी भिंत घातली होती. मला हक्क, तिला नाही. ती भिंत केंद्राच्या कायद्यानं 9 सप्टेंबर 2005 ला पाडली, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. आबा 2005 नंतर पुष्कळ जगले, त्यामुळे आम्हाला तो वाद लागला नाही. पण मधली अकरा वर्षं ताई आपल्या वडिलांच्या शिवारात कायद्यानं पाहुणी होती, याचा राग मला आजही येतो. तिनं त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

तिनं लिहिलं ते हक्कसोडीबद्दल. आमच्या भागात बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची आणि माहेर उघडं राहतं असं समजायचं, ही रीत अजून आहे. ‘मी सोडत नाही, आणि धाकटीनंही माझ्याकडे बघून सोडू नये. तिला पुढे दादाला द्यावंसं वाटलं तर आधी स्वतःच्या नावावर होऊ दे, सातबारा हातात घेऊ दे, मग दे. देण्यासाठी आधी आपलं असावं लागतं.’ मला वाटतं, माझ्यासाठी आजवर कुणी लिहिलेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य आहे. वाटा घेतल्यानं माहेर तुटतं असं मी मानत नाही. दादानंही पत्र वाचून ठिबकच्या खर्चाच्या पावत्या शोधायला घेतल्या, दुसरं काही बोलला नाही.

अडचण निघाली ती घरात. माळवद मधोमध तोडता येत नाही. तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग असतात, वर कडीपाट, त्यावर पांढरी माती. मधे भिंत घालून अर्ध्यावर पत्रा टाकला की सांध्यातून पाणी उतरतं आणि दोन्ही अर्ध्यांतलं लाकूड कुजतं. शेजारच्या आळीत असं एक घर दोन पावसाळ्यांत बसलं. धाकट्यानं फोन करून हेच काढलं. ताईचं उत्तर आलं: कागदावर चार-चार खण, छत मात्र सामाईक. पावसाआधी माती टाकायची ती सगळ्या आठ खणांवर एकदमच, खर्च निम्मा-निम्मा, भिंत घालायची नाही. देव दादाकडे, कारण नवरात्रात घट बसवायला माणूस घरात लागतं. घटाचा खर्च चौघांचा.

कागदांचा क्रमही तिनं लावून दिला आहे. शेतीसाठी चौघांच्या संमतीनं तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज, मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, हद्दीचे दगड, आणि प्रत्येकाचा वेगळा सातबारा. ते कलम शेतजमिनीचं, घराला लागत नाही. घराचं वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं आणि त्यावरून ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नावं लावायची. हे विसरलं की शेत वाटलेलं आणि घर तसंच आबांच्या नावावर, असं वर्षानुवर्षं राहतं.

आमच्याकडे वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचे अशी जुनी चाल आहे. पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असतो, म्हणून तो जपून पाडतो. पत्राच्या शेवटी ताईनं तीच चाल धरली: ‘वाटे मी पाडले, उचला तुम्ही. भावांमध्ये धाकटा आधी, बहिणींमध्ये धाकटी आधी. उचलल्यावरही कुणाला माझा वाटा बरा वाटला तर सांगा, मी बदलून देईन.’

धाकट्यानं परड्याकडचे चार खण उचलले. दादा राहतो तो सोपा दादाकडेच राहिला. माळाच्या दोन पट्ट्यांपैकी पूर्वेच्या पट्टीत काळी थोडी रुंद आहे, पण ओढा तिथंच वळतो आणि पुरात कोपरा खातो. पश्चिमेच्या पट्टीत मुरूम जास्त, कोपरा मात्र शाबूत. मी दोनदा जाऊन आले, ओढ्याच्या दरडीत उतरून मातीचा थर पाहिला, आणि पूर्वेची उचलली. दरडीला वाळा आणि करंज लावायचं ठरवलं आहे, मुळं धरतात. ताईला तसं कळवलं, आणि आंबे बहर उतरला की मोजणीचा अर्ज टाकायला मी येते, असंही. तिची पट्टी माझ्या पट्टीला लागून आहे, म्हणजे पहिली तालही आम्हा दोघींनाच मिळून घालायची आहे.