कृतज्ञ, कृतघ्न आणि दोन पडद्यांमधली भिंत

सहामाही परीक्षेचे पेपर तपासत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी दहावीला मराठी शिकवतो. एका मुलीने पत्रलेखनात लिहिले होते, ‘मी माझ्या आईवडिलांची कायम कृतघ्न राहीन.’ मी हसलो, लाल पेनाने गोल केला आणि अर्धा गुण कापला. पेपर वाटले त्या दिवशी ती मुलगी मीच दिलेला शब्दार्थांचा कागद घेऊन टेबलापाशी आली. ‘सर, यात असेच लिहिले आहे.’

कागद पाहिला. ‘कृतज्ञ’ या शब्दापुढची जागा रिकामी. खालच्या ओळीत ‘कृतघ्न’, आणि त्याच्यापुढे दोन अर्थ: एहसानमंद, एहसान-फ़रामोश. पोरीने पहिला अर्थ पाठ केला होता. चाळीस झेरॉक्स वाटल्या होत्या. चूक तिची नव्हती, माझी होती. अर्धा गुण परत दिला, वर्गात सगळ्यांची माफी मागितली आणि घरी येऊन ही चूक झाली कशी ते शोधत बसलो.

माझ्या टेबलावर दोन पडदे आहेत. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे एकोणीस इंची जुना, चौकोनी मॉनिटर, सेकंडहँड घेतलेला. लॅपटॉपवर उर्दू, मॉनिटरवर मराठी. ही मांडणी मी मुद्दाम केली आहे. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, मराठीची डावीकडून. त्यामुळे उर्दूचा पडदा डावीकडे ठेवला की दोन्ही भाषांच्या ओळी मधल्या सांध्यापाशी सुरू होतात. एक शब्द इकडे पाहायचा, त्याचा अर्थ तिकडे टाकायचा, तर नजर दोन वितीच सरकते. पण याचा दुसरा अर्थ असा की माउसचा पॉइंटर दिवसभर त्याच सांध्यावरून ये-जा करतो. सांधा बिघडला की सगळेच बिघडते.

आणि तो बिघडलेला होता. पॉइंटर लॅपटॉपच्या वरच्या भागातून मॉनिटरवर जायचा, खालच्या भागातून जायचाच नाही. कडेला येऊन भिंतीला थडकल्यासारखा थांबायचा आणि कडेकडेने घसरायचा. त्या रात्री मी ‘एहसानमंद’ हा शब्द माउसने धरून मॉनिटरकडे ओढत होतो. पॉइंटर भिंतीला लागला, एक ओळ खाली घसरला आणि मी बोट उचलले. शब्द मराठीच्या पानावर गेलाच नाही, त्याच यादीत खालच्या ओळीत पडला. अकरा वाजून गेले होते. मी तो अर्थ नव्याने टाइप केला तो मराठीच्या पानावर, आणि मुळातली यादी न पाहताच छापली.

भिंत कुठून आली? मीच बांधली होती. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबून `Display settings` उघडले की वर दोन खोकी दिसतात, त्यावर 1 आणि 2 असे आकडे असतात. `Identify` दाबले की तोच आकडा खऱ्या पडद्यावर उमटतो, म्हणजे कोणते खोके कोणाचे ते कळते. खोके माउसने धरून सरकवायचे आणि `Apply` दाबायचे. जिथे दोन खोक्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात तिथे दार, जिथे एका खोक्याच्या कडेशेजारी काहीच नसते तिथे भिंत. माझा मॉनिटर टेबलावर लॅपटॉपपेक्षा बराच उंच दिसतो, म्हणून मी त्याचे खोकेही अंदाजाने बरेच वर सरकवले होते. त्यामुळे लॅपटॉपची जवळजवळ अर्धी कड उघडी पडली होती.

माझा घोटाळा पुढे होता. मी समजत होतो की ही खोकी म्हणजे टेबलाचे चित्र आहे. तसे नाही. खोक्याचा आकार पडद्यातल्या ठिपक्यांवर, म्हणजे पिक्सेलवर ठरतो, सेंटिमीटरवर नाही. माझ्या लॅपटॉपला उभे 1080 पिक्सेल आहेत आणि मॉनिटरला 1024. म्हणून सेटिंगमध्ये लॅपटॉपचे खोके उंच आणि मॉनिटरचे किंचित बुटके दिसते. प्रत्यक्षात मात्र पट्टी लावली तर लॅपटॉपचा पडदा 19.4 सेंटिमीटर उंच आणि मॉनिटरचा 30.1. मॉनिटरचा ठिपका मोठा आहे, एवढाच फरक. लॅपटॉपचा एक पिक्सेल साधारण 0.18 मिलिमीटर, मॉनिटरचा 0.29. अक्षरे मोठी करण्यासाठी `Scale` 125% केले तरी हा हिशेब बदलत नाही, कारण पिक्सेल तेवढेच राहतात.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ठिपक्यांचा आकारच वेगळा असेल तर पॉइंटर संपूर्ण कडेवर सरळ रेषेत ओलांडणार नाही. तो एकाच उंचीवर बरोबर जुळेल, त्याच्या वर थोडा वर उडी मारेल आणि खाली थोडा खाली. ती एक उंची कोणती ठेवायची, हे आपण ठरवायचे. मी ठरवले, दोन्ही पडदे टेबलावर जेवढ्या भागात समोरासमोर येतात त्याच्या मधोमध, कारण मी तिथूनच जास्त ये-जा करतो.

मग पट्टी घेऊन बसलो. लॅपटॉपचा पडदा टेबलापासून 3 सेंटिमीटरवर सुरू होऊन 22.4 वर संपतो. मॉनिटरचा 8 वर सुरू होतो आणि 38.1 वर संपतो. समोरासमोरचा भाग 8 ते 22.4, त्याचा मध्य 15.2. आता ही उंची दोन्ही पडद्यांवर वरून मोजायची, कारण संगणक वरून खाली मोजतो. लॅपटॉपवर वरच्या कडेपासून 7.2 सेंटिमीटर, म्हणजे 400 पिक्सेल. मॉनिटरवर वरच्या कडेपासून 22.9 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 779 पिक्सेल. हे दोन ठिपके एका ओळीत यायला हवेत, तर मॉनिटरचे खोके लॅपटॉपच्या खोक्यापेक्षा 779 वजा 400, म्हणजे 379 पिक्सेल वर असायला हवे.

सेटिंगमध्ये आकडा लिहायची सोय मला दिसत नाही, खोके हातानेच सरकवायचे. 379 म्हणजे मॉनिटरच्या खोक्याच्या उंचीचा तिसऱ्या भागापेक्षा थोडा जास्त. तेवढे वर नेऊन `Apply` केले आणि पडताळा घेतला. लॅपटॉपच्या वरच्या कडेपासून 7.2 सेंटिमीटरवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिथून दोरा आडवा ताणून मॉनिटरवर दुसरी चिठ्ठी. मग पॉइंटर पहिल्या चिठ्ठीपाशी नेऊन हळूहळू उजवीकडे ढकलला. तो दुसऱ्या चिठ्ठीच्या वर निघाला. माझा हात आपोआप खोके खाली सरकवायला गेला, आणि ते चुकीचे ठरले. मॉनिटरचे खोके वर नेले की तीच आडवी रेष त्या पडद्याच्या वरच्या कडेपासून लांब जाते, म्हणजे पॉइंटर खाली निघतो. तेव्हा पॉइंटर वर निघाला तर खोके आणखी वर, खाली निघाला तर खोके खाली. तीन-चार वेळा केल्यावर चिठ्ठीला चिठ्ठी लागली.

माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, ‘अब्बू, मधे जुळले, पण भिंत गेली कुठे? खाली आहेच की.’ बरोबर होते तिचे. मॉनिटरचे खोके 379 पिक्सेल वर गेल्यामुळे ते लॅपटॉपच्या 645 व्या पिक्सेलला संपत होते. त्याखालचे 435 पिक्सेल, म्हणजे चाळीस टक्के कड, अजूनही बंद. आधी अर्धी बंद होती, एवढाच सुधार. आणि माझी शब्दांची यादी बहुधा त्या खालच्याच भागात असते.

हा दोष सेटिंगचा नव्हता, टेबलाचा होता. दोन पडदे 5 सेंटिमीटर खालीवर ठेवल्यावर खोकी तरी काय करणार? माझ्या कपाटात बी.एड.ची दोन जाडजूड पुस्तके आहेत, परीक्षेनंतर उघडलेली नाहीत. ती लॅपटॉपखाली ठेवली आणि दोन्ही पडद्यांची खालची कड 8 सेंटिमीटरवर आली. पुन्हा तोच हिशेब. नवा मध्य 17.7 सेंटिमीटर, लॅपटॉपवर वरून 540 पिक्सेल, मॉनिटरवर 694. फरक 154. आता मॉनिटरचे खोके 870 व्या पिक्सेलपर्यंत येते. बंद कड फक्त 210 पिक्सेल, पावणेचार सेंटिमीटर. लॅपटॉप उंच झाल्याने त्याच्या कीबोर्डवर हात अवघडतात, म्हणून वेगळा कीबोर्ड जोडावा लागला.

उरलेली भिंत मी तशीच ठेवली आहे. लॅपटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ आणि डेस्कटॉप दाखवायची पट्टी असते. तिथे भिंत असली की माउस जोरात ढकलला तरी पॉइंटर कोपऱ्यातच थांबतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात उलटे झाले आहे, तिथे दार आहे. खिडकी बंद करायच्या फुलीवर पटकन गेलो तर पॉइंटर पलीकडच्या पडद्यावर निघून जातो, तेवढे जपून जावे लागते. मुलीच्या संगणकावर विंडोज 11 आहे. त्यात `Multiple displays` खाली `Ease cursor movement between displays` अशी खूण आहे. ती लावली की बंद कडेतूनही पॉइंटर पलीकडे जातो. मात्र ठिपक्यांच्या फरकामुळे पडणारी उडी तिनेही जात नाही.

उडी अजून आहेच. लॅपटॉपच्या अगदी वरच्या कडेला पॉइंटर ओलांडला तर तो सहा सेंटिमीटर वर निघतो. आता हाताला ते माहीत झाले आहे. मधल्या भागात, जिथे एका भाषेचा शब्द दुसरीकडे नेतो, तिथे तो सरळ जातो.

शब्दार्थांचा नवा कागद काढला आणि वर्गात वाटला. त्या मुलीने आधी ‘कृतज्ञ’ची ओळ बोटाने शोधली, मग कागद वहीत ठेवला. शब्द माउसने ओढून नेणे मी बंद केले आहे. आता कॉपी करतो, पेस्ट करतो, आणि छापण्याआधी दोन्ही पडद्यांवरची यादी मोठ्याने वाचतो.