शाफ्ट कुणाकडे गेला?

जवळचं धूसर दिसायला लागलं तसं कॉइल भरायचं काम मी हाताखालच्या पोराकडे सोपवलं. माझ्याकडे मोबाइल उरला. म्हैसमाळकडून, वेरूळकडून, गल्ले बोरगावातून लोक खोललेल्या पंख्याचे फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "मिस्त्री, भरायचे किती होतील?" पाती काढून ठेवलेली, झाकणं उघडी, सगळा पसारा गोणपाटावर. छताचा, एक्झॉस्ट की स्टँडचा, हे लिहायची कुणाला गरजच वाटत नाही. त्यांच्या घरातला पंखा असतो, त्यांना माहीत असतं.

छताचा ओळखणं सोपं, असं सगळे म्हणतात. समोर वस्तू असली तर सोपंच आहे. फोटोत मात्र जळलेलं वार्निश काळंभोर दिसतं, त्यात खाचांची तोंडं बुडतात आणि उजेड उलट्या बाजूने आला की पोकळ भाग फुगीर वाटतो. खाचा बाहेर उघडतात की आत, हे बघत बसलात तर डोळे फिरतात. म्हणून मी खाचा बघत नाही. शाफ्ट कुणाकडे गेला, एवढंच बघतो. छताच्या पंख्यात तांब्याचा भाग जागेवर राहतो आणि बाहेरचं भांडं फिरतं, त्यामुळे खोलल्यावर शाफ्ट वाइंडिंगच्या पोटात अडकलेला दिसतो. तो पोकळ असतो आणि तारा त्यातूनच वर येतात. स्टँडच्या आणि एक्झॉस्टच्या पंख्यात उलटं असतं. वाइंडिंगच्या कड्यात मधे मोठं भोक दिसतं, आणि शाफ्ट रोटरला धरून बाजूला पडलेला असतो.

खरी डोकेदुखी या दोघांतली. दोन्ही बहुतेक चार पोलचे, पन्नास सायकलवर मिनिटाला चौदाशेच्या आसपास फिरणारे. कड्याचे नुसते फोटो शेजारी ठेवले तर मीही पैज लावणार नाही. कॉइलचे सहा गट मोजता आले तर सुटलो, नऊशेच्या आसपास चालणारा एक्झॉस्ट समजायचा. पण चारच निघाले तर काय?

परवा वेरूळच्या एका हॉटेलातून असाच फोटो आला. कडं, रोटर, दोन झाकणं. शाफ्टचं मागचं टोक फडक्याखाली झाकलेलं. नेमकं तेच टोक हवं होतं, कारण मान फिरवणाऱ्या स्टँडच्या पंख्यात तिथे पेचासारखे आटे कापलेले असतात, त्यावर मागच्या डबीतला गिअर चालतो. मी फोटो मोठा करून मागचं झाकण शोधलं. त्याच्या मधोमध भोक नव्हतं, बेअरिंगची बंद वाटी होती. शाफ्ट मागून बाहेरच पडत नसेल तर गिअर कशावर चालणार? तारा मोजल्या, तीनच निघाल्या. बटणाच्या स्टँडच्या पंख्याला कमी-जास्त वेगासाठी वाइंडिंगमधून जादा तारा काढलेल्या असतात. आणि झाकणाच्या कडेला पांढरा खार चढलेला होता. भटारखान्याचा एक्झॉस्ट असता तर तेलकट काजळी असती. हा कूलरमध्ये बसवलेला एक्झॉस्ट होता, बोअरचं पाणी खाऊन जळलेला. मी तसं कळवलं. उत्तर आलं, "हो, कूलरचाच आहे, तुम्हाला कसं कळलं?" ते वाक्य मी संध्याकाळपर्यंत चार जणांना दाखवलं.

ओळख पक्की झाल्याशिवाय मी भाव सांगत नाही. स्टँडचा पंखा एक्झॉस्ट समजून भरला तर जादा तारा निघत नाहीत, तिन्ही बटणं एकाच वेगाने चालतात आणि गिऱ्हाईक महिनाभर शिव्या देतं. शहरातले काही दुकानदार फोटो आला की लगेच आकडा फेकतात आणि पंखा हातात आल्यावर वाढवतात. त्याला ते धंदा म्हणतात. काही तर "टाकून द्या, नवा घ्या" एवढंच सांगतात. त्यांना तार भरता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी युक्तीही सगळीकडे चालत नाही. मान न फिरवणारा फर्राटा आला की मागचं झाकण काही सांगत नाही, तिथे तारांवरच भिस्त. आणि आता बीएलडीसी आले. त्यात कडेला चुंबकांची रिंग, शेजारी कार्ड, कंडेन्सरचा पत्ता नाही. छताच्या बीएलडीसीत शाफ्ट जुन्याच जागी असतो, पण काही एक्झॉस्टसुद्धा बाहेरून फिरणाऱ्या भांड्याचे निघालेत. तिथे मी पोकळ शाफ्ट, त्यातून आलेली तार आणि वर टांगायच्या नळीचं भोक शोधतो. नाही दिसलं तर गप्प बसतो.

पोरगा गप्प बसत नाही. तो सरळ लिहितो, "काका, मागची बाजू वर करा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, परत फोटो पाठवा." नाण्यावरून माप कळतं आणि दोन मिनिटांत काम होतं. त्याची पद्धत बरोबर आहे. पण दुसरा फोटो मागायचा म्हणजे पहिल्यात दिसलं नाही असं कबूल करायचं, आणि ते अजून माझ्या बोटांना टाइप होत नाही.