पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी वहीत ठासून लिहिलं होतं: GL₂(ℝ) आणि SL₂(ℝ) × ℝ* हे ग्रूप एकरूप आहेत. सरांनी ते वाक्य खोडलं नाही, शेजारी पेन्सिलीनं फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

तिथवर मी पोचलो होतो रीतसर. GL₂(ℝ) म्हणजे ज्यांचा निश्चयक शून्य नाही अशा दोन बाय दोन मॅट्रिक्सांचा ग्रूप. det(AB) = det A · det B, म्हणून निश्चयक हे होमोमॉर्फिझम. शून्येतर कोणतीही संख्या a सांगा, कर्णावर a आणि 1 असलेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक तोच; म्हणजे ℝ* मधली एकही संख्या सुटत नाही. निश्चयक 1 असलेल्या मॅट्रिक्सांचा ग्रूप SL₂(ℝ), तोच कर्नल. मग पहिलं आयसोमॉर्फिझम प्रमेय सांगतं: GL₂(ℝ)/SL₂(ℝ) ≅ ℝ*.

या भागाकाराचा अर्थ मला क्षेत्रफळातून कळला. निश्चयक सांगतो, आकृतीचं क्षेत्रफळ किती पट झालं आणि ती उलटली का. समजा A = [2 1; 0 3] आणि B = [6 0; 0 1]. एक आकृती तिरकी करते, दुसरी नुसती आडवी ताणते. पण दोघींचा निश्चयक 6. AB⁻¹ = [1/3 1; 0 3], आणि हिचा निश्चयक 1. दोघींमधला सगळा फरक कर्नलमध्ये मावला, म्हणून भागाकारात त्या एकच झाल्या. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलणारा एवढा मोठा ग्रूप, आकार विसरताच साध्या संख्यांसारखा वागू लागतो.

माझी चूक पुढची होती. भागाकार ℝ* आला, म्हणून दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की मूळ ग्रूप परत मिळेल, असं मी धरून चाललो. सर्वांशी क्रमनिरपेक्ष असणारे घटक तपासले, तेव्हा प्रश्नचिन्ह उलगडलं. GL₂(ℝ) मध्ये असे घटक फक्त cI, आणि त्यांपैकी वर्ग केल्यावर I देणारे दोनच: I आणि −I. SL₂(ℝ) × ℝ* मध्ये मात्र असे चार निघतात: (±I, ±1). दोन आणि चार जुळत नाहीत.

तीन बाय तीनमध्ये हेच विधान खरं ठरतं! तिथे निश्चयकाचं घनमूळ, ऋण असलं तरी, वास्तव असतं. त्यानं मॅट्रिक्सला भागलं की SL₃(ℝ) मधला भाग सुटा होतो. दोनमध्ये cI चा निश्चयक c², तो ऋण होणार नाही. उलटवणारी मॅट्रिक्स लागतेच, आणि ती SL₂(ℝ) मधल्या सगळ्यांशी क्रम अदलाबदल करू देत नाही.

विसरल्यावर काय उरतं, एवढंच प्रमेय सांगतं. उरलेलं आणि विसरलेलं पुन्हा कसं जोडायचं, हे सरांनी पेन्सिलीनं विचारलं होतं.