गुलकंदी डबीचा रंग

आपल्याकडे बहुतेक जण जुन्या वाड्यांबद्दल आणि सणावारांबद्दल लिहितात. मी आज एका परत आलेल्या पार्सलाबद्दल लिहिणार आहे. थोडं लांबेल, पण घरून काही करून विकणाऱ्या बऱ्याच लेकीसुना इथे आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

आमचं बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला फोटो स्टुडिओचं दुकान होतं. वडिलांनी चालवलं, मग मी चालवलं, आणि डिजिटल आल्यावर काही वर्षांनी बंद केलं. गुजरातीत 'फोटो पाडवो' म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी मराठीतही फोटो काढत नाहीत, पाडतात! दुकान गेलं तरी तो शब्द राहिला.

सूनबाई तीन वर्षांपासून एक छोटा ब्रँड चालवते. केसांचं तेल, उटणं आणि डबीतला रंगीत लिप बाम. माल परवानाधारक युनिटमधून बनवून घेते, लेबल आणि पॅकिंग घरी. फोटो तीच तिच्या फोनवर काढायची. मी कधी लक्ष घातलं नव्हतं. 'बाबांचं ते रोलच्या काळातलं' असं घरात सगळ्यांचंच मत, आणि माझंही काहीसं तेच.

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या एका आपल्याच मराठी कुटुंबातून लग्नाच्या वाणासाठी चाळीस डब्यांची ऑर्डर आली. शेडचं नाव 'गुलकंद'. दहा दिवसांनी पूर्ण पेटी परत. सोबत मेसेज: "वहिनी, माल छान आहे, वासही सुंदर. पण आम्ही हा रंग मागवला नव्हता. फोटोत गुलाबी आहे, हा विटकरी आहे."

सूनबाईला वाटलं, युनिटवाल्याने या बॅचमध्ये रंग बदलला. ती त्याला फोन करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब, आधी ती डबी आणि तुझा फोन घेऊन गॅलरीत ये." उजेडात दोन्ही शेजारी धरलं. डबीत वाळलेल्या गुलाबाचा रंग, थोडा मातकट. फोनवर लग्नातल्या फेट्याचा गुलाबी. तिच्याकडे जुन्या बॅचचीही एक डबी होती, ती नव्या डबीसारखीच निघाली. म्हणजे रंग युनिटवाल्याने बदललेला नव्हता, तो फोटोत बदलला होता.

फोटो कुठे पाडला होतास, विचारलं. रात्री आठला, सगळं आवरल्यावर, जेवणाच्या टेबलावर. वर पिवळा दिवा, खाली शिसवी रंगाचं लाकूड, आणि स्वयंपाकघरातून येणारा पांढऱ्या ट्यूबलाइटचा उजेड. आपला डोळा हे सगळं आपोआप सांभाळून घेतो. फोनला मात्र खरा पांढरा कोणता हे माहीत नसतं, तो अंदाज करतो. सगळं चित्र पिवळट दिसलं की तो पिवळा काढून त्यात निळा भरतो. आता विटकरी म्हणजे काय? लालात मिसळलेला पिवळा. त्यातला पिवळा काढून घेतला की गुलाबी उरतो. त्यावर तिने रंग खुलवणारा फिल्टर लावला, आणि झाला फेटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही मागच्या खोलीत बसलो. तिची खिडकी उत्तरेला आहे. जुन्या स्टुडिओंमध्ये उत्तरेच्या बाजूला काचेचं छप्पर असायचं ते याचसाठी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, फक्त आभाळाचा मऊ आणि एकसारखा उजेड येतो. (बडोदं कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे, त्यामुळे जूनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ तिथेही ऊन शिरतं. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावायचा.) घरातले सगळे दिवे बंद केले. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक हेच करत नाहीत. "थोडा अजून उजेड" म्हणून ट्यूब लावली की एका डबीवर दोन रंगांचे उजेड पडतात, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपने धड वेगळे होत नाहीत.

खिडकीपासून दीड फुटावर स्टूल. त्यावर पांढरा ड्रॉइंग शीट, मागे भिंतीला चिकटवून खाली वळत आणलेला, मध्ये घडी न घालता. म्हणजे मागे रेघ दिसत नाही. झेरॉक्सचा कागद घेऊ नका. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक घातलेली असते, खिडकीच्या उजेडात तो निळसर मारतो. खिडकी डावीकडे होती, म्हणून डबीच्या उजवीकडे थर्मोकोलचा तुकडा उभा केला, तिकडची सावली उजळावी म्हणून. एवढंच सामान.

पहिला फोटो पाडला तर कागद राखाडी! सूनबाई म्हणाली, "बघा बाबा, उजेड कमी पडतोय." उजेड पुरेसा होता. फोनला चित्र सरासरी मध्यम उजेडाचं हवं असतं, सगळं पांढरं दिसलं की तो ते अंधारवतो. डबीवर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो, आणि मग बोट वर सरकवून उजेड वाढवायचा. कुठे थांबायचं? कागद पांढरा व्हावा, पण लेबलची बारीक अक्षरं आणि डबीची चकाकती कड पुसली जाऊ नये. कड कागदात विरघळली की एक पाऊल मागे यायचं.

तिच्या फोनमध्ये प्रो मोड आहे. त्यात WB म्हणून एक आकडा असतो. आभाळाच्या उजेडाला तो साधारण 6000 ते 6500 लागतो. आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, ड्रॉइंग शीट ना पिवळा ना निळा दिसेपर्यंत सरकवायचा आणि तिथे सोडायचा. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय नाही त्यांनी फोटोच्या कडेला शीटचा तुकडा येऊ द्यावा आणि नंतर एडिटमध्ये तो पांढरा होईपर्यंत फक्त उबदारपणाची पट्टी हलवावी. बाकीच्या पट्ट्यांना हात लावू नये.

आता झाकण. पत्र्याचं झाकण म्हणजे आरसा, त्यात आमचा पंखा, सूनबाईची वेणी आणि फोन, तिघंही दिसत होते. ती ते एडिटमध्ये पुसायला बसली होती. मी म्हटलं, आरसा कशाकडे बघतोय ते बघ. झाकण वर बघत होतं, म्हणून त्याच्या वर एक पांढरा पुठ्ठा धरला. पंखा गेला, वेणी गेली, झाकण दुधासारखं सपाट झालं. उरला फोन. तो पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून त्यातून बघत ठेवला. वडील दागिन्यांचे फोटो असेच पाडायचे. फोन पुठ्ठ्याआड गेला, झाकणावर राहिला फक्त भोकाचा बारीक ठिपका. डबी जरा तिरकी केली, तोही सरकला.

तेलाची बाटली तपकिरी काचेची. ती फोटोत काळी ठिक्कर, आत तेल आहे की डांबर कळेना. समोरून कितीही उजेड टाका, गडद काच तो गिळते. तेल दिसायला उजेड मागून यावा लागतो. आधी मी मागे स्वयंपाकघरातला चांदीसारखा कागद लावला. फसलं, त्याच्या सुरकुत्यांचे चट्टे काचेतून दिसायला लागले. मग ड्रॉइंग शीटचा तुकडा बाटलीच्या आकाराचा, पण सगळीकडून थोडा कमी असा कापला आणि मागे खिडकीकडे जरा कलता करून टेकवला. समोरून तो दिसत नाही, पण खिडकीचा उजेड झेलून तेलातून पुढे फेकतो. बाटली मधासारखी पेटली. सूनबाई पहिल्यांदा तेव्हा म्हणाली, "बाबा, हे आधी का नाही सांगितलं?" आता काय सांगणार! कोणी विचारलंच नव्हतं.

एक-दोन गोष्टी भराभर सांगतो. फोन बाटलीला चिकटवून फोटो काढला की गळा फुगतो आणि बूड बारीक होतं, म्हणून दोन-तीन फूट मागे जाऊन 2x ने घ्यायचा. पोर्ट्रेट मोड काचेला नको, तो पारदर्शक कडा पार्श्वभूमी समजून खातो. आणि आधी लेन्स पुसा, पदराने नाही, मऊ सुती कापडाने. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने होतात, आणि आमच्याकडे तर मालच तेलाचा.

हे सगळं झालं, तरी खरी अडचण पुढेच होती. नवा फोटो आणि डबी आम्ही परत शेजारी धरली. त्याआधी फोनचा रात्रीचा पिवळा पडदा बंद केला आणि फोटो माझ्या फोनवरही पाहिला, कारण प्रत्येक स्क्रीन रंगाला आपापली फोडणी देते. रंग जुळला. सूनबाईचा चेहरा मात्र पडला.

"बाबा, खरा आहे, पण फिका वाटतो. थोडासाच गुलाबी केला तर? सगळेच करतात."

तिचं खोटं नव्हतं. जुन्या गुलाबी फोटोवर महिन्याला बऱ्या ऑर्डरी यायच्या. आम्हीही स्टुडिओत लग्नाच्या फोटोंना हाताने रंग दिलेत, गाल गुलाबी केलेत. पण तिथे नवरी स्वतः समोर बसलेली असायची, तिला आपला रंग ठाऊक होता. इथे बाई फोटोवरच पैसे भरते. मी एवढंच म्हटलं, "ग्वाल्हेरची पेटी आत ठेवली आहे, ती आधी मोज."

ती गप्प बसली. मग उठून आत गेली आणि वाटीत गुलकंद घेऊन आली. खरा गुलकंद, काचेच्या बरणीतला. वाटी डबीशेजारी ठेवली. दोन्हींचा रंग जवळजवळ एकच, तसाच लालसर तपकिरी. शेडला नाव तिनेच दिलं होतं आणि ते अगदी नेमकं होतं. चुकला होता तो फक्त फोटो.

तोच फोटो पाडला, डबी आणि वाटी. दुसरा मनगटाच्या आतल्या बाजूला बामची एक बोटभर रेघ ओढून, कारण डबीतला जाड थर गडद दिसतो आणि ओठावर तोच रंग बराच हलका पडतो, हेही गिऱ्हाइकाला कळायला हवं. तिसरा मागच्या लेबलचा, बॅच नंबर आणि तारीख वाचता येईल असा. तिन्ही फोटो ग्वाल्हेरला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, नुसते फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात आणि लेबलची अक्षरं फुटतात.

संध्याकाळी उत्तर आलं. वाणाच्या डब्या त्यांनी तोवर दुसरीकडून घेतल्या होत्या. "पण मनगटावरचा रंग मला स्वतःला आवडला. सहा पाठवा, आणि ते तेल कसलं आहे?"

जुना गुलाबी फोटो सूनबाईने त्याच रात्री काढून टाकला. त्या महिन्यात ऑर्डरी थोड्या कमी आल्या, पण पेटी एकही परत आली नाही. भोकाचा पुठ्ठा कपाटावर ठेवलाय, कोणाला बघायचा असेल तर घरी या.