नावात काय नसावे

आरे वसाहतीत पत्ता सांगण्याची रीत निराळी आहे. शहरातील म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ साली ही वसाहत वसली, तेव्हापासून येथे गल्लीचे नाव कोणी विचारत नाही. युनिटचा क्रमांक सांगितला की पुढील ओळख आडनावावरून पटते. त्यामुळे घरात नवा राउटर बसवताना माझ्या भाच्याने जाळ्याचे नाव विचारले आणि मी सवयीप्रमाणे युनिट, खोली व आडनाव अशी त्रयी सुचवली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, हे नाव नव्हे, हा तर तुमचा सगळा पत्ता झाला.’’

राउटर आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा, कोणतेही कुलूप न लावता प्रसारित करतो. पासवर्ड कितीही कठीण असला तरी ही दवंडी रस्त्याने जाणाऱ्या कोणाही इसमाच्या फोनवर वाचता येते. एवढेच नव्हे, तर गाडीतून फिरत अशी नावे स्थळासह टिपणारे हौशी लोक असून त्यांनी जमवलेले दप्तर WiGLE या संकेतस्थळावर नावानिशी धुंडाळता येते. अर्थात आडनाव ठाऊक असलेल्या परक्याला घराची जागा शोधून देण्याचे काम आपण स्वतःच करून ठेवतो.

भाच्याने मला व्हरांड्यात उभे करून फोनवरील यादी वाचायला लावली, आणि शेजाऱ्यांविषयी एवढी खबर मला वर्षानुवर्षांच्या सहवासातही मिळाली नव्हती. एका नावात मुलीचे नाव व जन्मसाल होते. एकात यंत्राच्या कंपनीचे नाव व मॉडेलचा क्रमांक तसाच राहिला होता, म्हणजे त्या मॉडेलातील जाहीर उणीव ठाऊक असलेल्याला अर्धी माहिती आयतीच मिळावी. `Bibtya` मात्र दोन घरांत होता, आणि आरेत ते साहजिकच म्हणावे लागेल, कारण येथे रात्री अंगणात कोण येऊन गेले याची चर्चा दुधाच्या भावाइतकीच नित्याची आहे.

या दोन बिबट्यांची हकीकत उद्बोधक होती. फोन ओळखीचे जाळे मुख्यतः नावावरून व सुरक्षेच्या प्रकारावरून ओळखतो. म्हणून त्यांपैकी एका घरातील फोन भिंतीपलीकडचा जोरकस संकेत पाहून तिकडे धाव घेई, आपला पासवर्ड पुढे करी आणि नाकारला जाई. बरोबर पासवर्ड अधूनमधून ‘चुकीचा’ ठरू लागला, आणि तोही घराच्या एकाच बाजूला, तर नामसाधर्म्याचा संशय घ्यावा.

एका निवृत्त स्नेह्यांनी नाव लपवून ठेवण्याची तजवीज सुचवली होती. ती भाच्याने साफ नाकारली. राउटर गप्प राहिला की फोनलाच त्याला हाक मारावी लागते, आणि ती हाक तो गोरेगाव स्थानकावर, दवाखान्यात, परगावी, जेथे जाईल तेथे मारत सुटतो. शिवाय घरातले कोणी जोडणी करताच ते नाव हवेत दिसतेच.

मग अगदी सर्वसामान्य नाव घ्यावे काय? तेथेही हरकत निघाली. प्रचलित WPA2 पद्धतीत पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र घेऊन ४०९६ आवर्तनांनंतर किल्ली तयार होते. `default` किंवा `linksys` यांसारख्या बहुप्रचलित नावांसाठी संभाव्य पासवर्डांचे तक्ते आधीच करून ठेवलेले असतात, त्यामुळे दुबळा पासवर्ड अशा नावाखाली लवकर उघडकीस येतो. म्हणजे नाव जगात फार सामान्य नको, आणि ज्यावरून आपण इतरत्र ओळखले जातो असेही नको.

अखेरीस आम्ही परस्परांशी आणि आमच्याशीही संबंध नसलेले दोन शब्द जोडले. आमचे खरे नाव येथे छापणे शहाणपणाचे होणार नाही. पण धाटणी अशी:

```
kulith-dor_nomap
```

पहिले अक्षर यादीतील कोणत्याही नावाचे नव्हते, कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लांब नाव मध्येच तुटते आणि ओळख सुरुवातीवरच ठरते. शेवटचे `_nomap` म्हणजे गूगलने आपल्या स्थाननिश्चितीत हा राउटर धरू नये अशी सूचना. ती ठरलेल्या लिपीत, ठरलेल्या जागी, शेवटीच लागते. इतरांनी केलेल्या नोंदींवर तिचा अधिकार चालतोच असे नाही. नावाला मर्यादा ३२ बाइटांची. येथे १६ खर्ची पडले. मला देवनागरीत लिहिण्याचा मोह होता, पण देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते आणि आमचा जुना प्रिंटर तर तेथे चौकोनच दाखवतो.

नाव बदलताच घरातली सर्व यंत्रे जाळ्यापासून तुटली. ती एकेक करून जोडताना प्रत्येकातून जुने नाव पुसावे लागले. राउटरचा स्वतःचा क्रमांक अजूनही त्याच दवंडीत जातो आणि त्याच्या पहिल्या भागावरून बहुधा उत्पादक कळतो. तेवढे राहिलेच.