पैसा परत काय मागतो?

टावर चौकातल्या आमच्या संध्याकाळच्या घोळक्यात कुणीतरी परदेशी शिकायला जाणार असं कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "स्कॉलरशिप मिळाली, की लोन काढणार?" स्कॉलरशिप म्हणजे फुकट आणि लोन म्हणजे बोजा, अशी साधी विभागणी. फेलोशिप हा शब्द आला तर ती स्कॉलरशिपचीच मोठी बहीण समजली जाते. यंदा मी बीएच्या चौथ्या वर्षाला आहे आणि ब्रिटनमध्ये तुलनात्मक साहित्यात एमए करायचा विचार आहे. म्हणून गेले काही महिने याच तीन शब्दांची कागदपत्रं वाचतेय. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. तिन्ही पैसे परत काहीतरी मागतात, फक्त मागणं वेगवेगळं असतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते आपल्या माळव्यात, महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षं. सोबत करार होता: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. पुढे ते लंडनला शिकत असताना मुदत संपली आणि 1917 ला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले, पण जातीमुळे तिथे राहायला जागासुद्धा मिळेना, आणि नोकरी सोडावी लागली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं आणि 1920 ला ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्तीने त्यांच्याकडे वर्षं मागितली, कर्जाने रुपये. पण अभ्यास पुरा झाला तो कर्जाच्या साथीनेच.

आता आजचं लोन. आकडे मी पप्पांबरोबर बसून मांडले. समजा फी, राहणं, विमान, व्हिसा धरून वर्षाचा खर्च 35 लाख. परदेशी शिक्षणासाठी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साधारण 15 टक्के आपण घालायचे असतात, म्हणजे पाच लाखांच्या वर. उरलेले धरू 30 लाख, व्याज समजा साडेदहा टक्के. कोर्स एक वर्षाचा, त्यानंतर आणखी एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं, ही दोन वर्षं सुट्टीची. पण सुट्टी हप्त्याला असते, व्याजाला नसते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर वर्षाला 3 लाख 15 हजार, दोन वर्षांत 6 लाख 30 हजार. ते भरलं नाही तर मुद्दलात मिसळतं आणि कर्ज 36 लाख 30 हजारांचं होतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे 49 हजार. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता 40 हजारांवर येतो, पण एकूण 72 लाखांच्या वर जातात. तेच व्याज दर महिन्याला 26 हजार 250 भरत राहिलं, तर दहा वर्षांचा हप्ता साडेचाळीस हजार. म्हणजे ते 26 हजार कोण भरणार, हा प्रश्न सही करण्याआधीचा आहे.

आमच्या घरात पप्पा हिशेबाची वही बंद करून म्हणाले, "घर ठेवू की तारण." साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे हेच एक घर. धाकटा भाऊ अकरावीला आहे. इंजिनिअरच्या पहिल्या पगारावर 49 हजारांचा हप्ता कदाचित बसेल. साहित्याच्या एमएनंतर मी पहिली नोकरी बहुधा शिकवण्याचीच करणार, आणि त्यात तो बसणार नाही.

आमच्यासारख्यांना एक आधार होता. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरचं हे हप्त्याआधीच्या काळातलं व्याज 'पढो परदेश' योजनेत केंद्र सरकार भरायचं. 2022-23 पासून ती योजना बंद झाली, पण जुन्या माहितीपत्रकांत ती अजून दिसते. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या तिथल्या अधिवास प्रमाणपत्रावर मिळतात. उज्जैनचं मराठीपण त्याला चालत नाही.

मग शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग जवळजवळ सगळा खर्च देते, पण आधी 2,800 तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, आणि नंतर किमान दोन वर्षं मायदेशी परत. हा बडोद्याच्या कराराचाच सौम्य नातेवाईक. पदवी हातात पडताच जाणाऱ्यांसाठी ती नाहीच. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडसला असा अनुभव लागत नाही. फी माफ, महिन्याला 1,400 युरो, परत येण्याची अट नाही. तिची अडचण एवढीच की स्पर्धा सगळ्या जगाशी असते. आणि नावावर जाऊ नका: 1892 साली सुरू झालेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची मदत 'लोन स्कॉलरशिप' आहे, म्हणजे मान शिष्यवृत्तीचा, पण पैसे परत करायचे. के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हिच्याच आधाराने इंग्लंडला गेले.

फेलोशिप काम मागते. अमेरिकेत साहित्याच्या एमएला पैसे क्वचित मिळतात, पण पीएचडीला चांगली विद्यापीठं फी माफ करून पाचेक वर्षं विद्यावेतन देतात, आणि अनेक ठिकाणी बीएनंतर थेट अर्ज करता येतो. बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं, पेपर तपासायचे. तीन वर्षांची बीए सगळीकडे चालत नाही, म्हणून चौथं वर्ष इथे कामी येतं. पत्र आलं की तीन गोष्टी बघायच्या: विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बारा, आरोग्यविमा त्यात आहे का, आणि किती वर्षांची लेखी हमी. हा दरवाजाही कायम उघडा नसतो. 2024 मध्ये बोस्टन विद्यापीठाने इंग्रजीसह मानव्यविद्यांच्या अनेक पीएचडींचे पुढच्या वर्षाचे प्रवेश थांबवले होते.

मी ठरवलंय ते असं. या हिवाळ्यात इरॅस्मसचे आणि दोन-तीन पीएचडींचे अर्ज करायचे. नाही जमलं तर दोन वर्षं इथे शिकवायचं, म्हणजे चेव्हनिंगचे तास आपोआप भरतील. लोन लागलंच तर तारणाशिवाय मिळतं तेवढंच, साडेसात लाखांपर्यंत. वरच्याच हिशेबाने त्याचा हप्ता सव्वाबारा हजारांच्या आसपास येतो, आणि तो मी शिकवण्या घेऊनही भरू शकते. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, पण उशीर होईल." होईल. दोन वर्षं माझी जातील, घर राहील.